सकाळी ठेवा, संध्याकाळी न्या

सकाळी ७

जाहिरातलेखनाच्या माझ्या वर्गाला दर वर्षी मी एक कल्पित दुकान देते आणि त्याचा ब्रँड ब्रीफ लिहून आणायला सांगते. यंदाचं दुकान देवळाली कॅम्पातलं, सायकलदुरुस्तीचं. गिऱ्हाईक म्हणजे रोज सायकलवरून ऑफिसला जाणारी माणसं. मुलांना काम देण्याआधी ब्रीफ मी स्वतः लिहून बघते, आणि घरात बसून तो लिहिता येत नाही. म्हणून लॅम रोडवरच्या एका चहाच्या टपरीशी वही उघडून बसले. पहिली ओळ लिहिली, ‘देवळालीतलं सर्वांत विश्वासाचं सायकल दुकान’, आणि लगेच खोडली. ही ओळ सोनारालाही चालेल आणि दूधवाल्यालाही.

सकाळी ७.४५

कॅम्पातून विहितगावमार्गे नाशिकरोड साधारण सहा-सात किलोमीटर. रमतगमत गेलं तरी अर्धा तास. हँडलला डबा, पँटच्या पायाला रबरबँड, असे एक गृहस्थ चहाला थांबले. नाशिकरोडला कारकून आहेत. गेल्या महिन्यात मागच्या चाकाची तार तुटली आणि सायकल अकरा दिवस जिन्याखाली पडून राहिली, म्हणाले. दुरुस्ती महाग होती म्हणून का?

“छे हो ताई. दुकान दहाला उघडतं, मी आठला निघतो. संध्याकाळी नेली तर तो म्हणतो उद्या ठेवून जा. उद्या मग ऑफिसला जाऊ कशाने?”

हे वाक्य मी जसंच्या तसं उतरवून घेतलं. ब्रीफमधलं ‘गिऱ्हाईक कोण’ हे कलम अशा वाक्यावर उभं राहतं, ‘वय तीस ते पन्नास, मध्यमवर्गीय’ असल्या नोंदीवर नाही. या माणसाची अडचण दुरुस्तीची नव्हतीच, घड्याळाची होती. म्हणजे दुकानाने विकायची वस्तू आहे वेळ.

सकाळी १०.३०

कॅम्पातल्या एका जुन्या मिस्त्रीकाकांकडे गेले. त्यांच्यापुढे योगायोगाने तसंच काम आलं होतं, मागच्या चाकाची तार तुटलेलं. पुढच्या चाकाची तार असेल तर चाक न काढताही बसवता येते. मागची तार बहुतेकदा फ्रीव्हीलच्या बाजूचीच तुटते, कारण तिकडच्या तारा जास्त ताणलेल्या असतात. ती बसवायची तर चाक काढा, टायर-ट्यूब उतरवा, फ्रीव्हील खोला, तार ओवा, मग चाक फिरवत फिरवत आऊट काढा. काकांनी रिमच्या जवळ खडू धरला आणि चाक फिरवलं. खडूचं टोक ज्या जागी घासलं, तिथली एका बाजूची तार अर्धा आटा कसली, समोरच्या बाजूची तेवढीच सैल केली, की पुन्हा फिरवलं. एका तारेचं काम, पण मी घड्याळ लावलं होतं: पन्नास मिनिटं. फ्रीव्हील गंजून बसलं असतं तर त्याचे आटे सुटायलाच निम्मा दिवस गेला असता.

मग लक्षात आलं की ‘झटपट दुरुस्ती’ हे शब्द ब्रीफमध्ये येऊ द्यायचे नाहीत. झटपट होईल ते पंक्चर, ब्रेकचे रबर, साखळीला तेल. बाकीच्या कामांना लागेल तेवढा वेळ लागणारच. दुकान काम लवकर होण्याचं वचन देऊ शकत नाही, पण सांगितलेली वेळ पाळण्याचं देऊ शकतं.

दुपारी १

वडापाव खाता खाता वचनाचा हिशोब मांडला. इथे ब्रीफ लिहिणारे सहसा चुकतात, वचन लिहितात आणि ते दुकानाला झेपेल का ते पाहत नाहीत. आपलं दुकान साडेसातला उघडायचं, दुपारी एक ते चार बंद, मग साडेआठपर्यंत. मिस्त्री एक, हाताखाली एक मुलगा. साडेनऊपर्यंतचा वेळ सायकली ठेवून घेण्यात जाणार. साडेनऊ ते एक आणि चार ते साडेपाच, म्हणजे खरं काम पाच तास, तीनशे मिनिटं. त्यातला तिसरा हिस्सा आयत्या वेळी येणाऱ्या पंक्चरवाल्यांचा. उरली दोनशे. एका सायकलला सरासरी चाळीस मिनिटं धरली तर पाच सायकली. सहाव्या माणसाला सकाळीच ‘उद्या’ म्हणून सांगायचं, आणि तो नाराज झाला तरी सांगायचं. ‘दिवसाला पाच’ हा आकडा मी ब्रीफच्या पहिल्याच पानावर घातला.

रविवारी दुकान चालू, सुट्टी दुसऱ्या वारी. नोकरदाराला मोठं काम काढायला रविवारच मोकळा असतो.

वेळ चुकण्याचं दुसरं कारण काकांनी दाखवलं, टायरचं. साध्या उभ्या सायकलचा टायर २८ बाय दीड, नव्या गिअरवाल्या सायकलींचा ७०० सी. बोलताना लोक दोन्हींना अठ्ठावीसच म्हणतात, पण पहिल्याच्या रिमचं माप ६३५ मिलिमीटर, दुसऱ्याचं ६२२. एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही. सकाळी माप न वाचता सायकल ठेवून घेतली, की दुपारी चारला कळतं टायर नाही, आणि संध्याकाळचं वचन गेलं. म्हणून टायरवर छापलेलं माप सायकल घेतानाच वाचायचं. माणूस समोर उभा असताना होणारी ही पाच मिनिटांची तपासणी मला या ब्रँडचा कणा वाटते.

दुपारी ४

वर्गातल्या दोघी मदतीला आल्या. एकीने नाव सुचवलं, ‘साडेसात’. उघडण्याची वेळ हेच नाव, कल्पना उत्तम होती. पण पाटी वाचणाऱ्याच्या तोंडी पहिल्यांदा साडेसातीच येईल, आणि शनीला कुणी आपली सायकल दुरुस्तीला देत नाही. दुसरीने ‘वेळेवर’ म्हटलं. ते ठेवलं.

चित्रांवर जरा वाद झाला. नाशिकला सायकलचं मोठं नाव आहे. हितेंद्र आणि महेंद्र या डॉक्टर महाजन बंधूंनी २०१५ मध्ये रेस ॲक्रॉस अमेरिका पूर्ण केली, त्याचा अभिमान मलाही आहे. मुलींना पाटीवर हेल्मेट घातलेला, वाकून पेडल मारणारा स्वार हवा होता. मी नाही म्हटलं. सकाळचे ते कारकून अशी पाटी पाहून म्हणतील, हे आपल्यासाठी नाही. पाटीवर चेन कव्हरची उभी सायकल, हँडलला डबा आणि खाली एकच ओळ: सकाळी ठेवा, संध्याकाळी न्या. पाटीच्या मापाचं मात्र कॅन्टोन्मेंट बोर्डात आधी विचारून घ्यायचं.

संध्याकाळी ६.३०

वचनावर माणसाने विश्वास का ठेवावा, याचं उत्तर ब्रीफमध्ये लागतंच. आमचं उत्तर एक पुठ्ठ्याची चिठ्ठी. हँडलला सुतळीने बांधायची, अर्धी फाडून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. तीवर काम, अंदाजे पैसे आणि नेण्याची वेळ, तीही ‘संध्याकाळी’ अशी नाही, ‘६.१५’ अशी. आणि ठेवणाऱ्याला ऑफिसला जायला बदली सायकल, कारण सकाळचा तो प्रश्न त्याशिवाय सुटत नाही. पाच जणांसाठी पाच ठेवणं परवडणार नाही. दोन जुन्या, नीट केलेल्या, जे आधी येतील त्यांना.

रात्री ८

दुकान आवरणाऱ्या काकांना चिठ्ठीचा नमुना दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

“आणि वेळ चुकली तर?”

मजुरी माफ, फक्त सामानाचे पैसे, असं आम्ही लिहिलं होतं. काका थोडं थांबून म्हणाले, “बाकी कामांना ठीक आहे. मागच्या चाकाला हे लिहू नका. फ्रीव्हील सुटेपर्यंत मलाच माहीत नसतं.”

मग त्यांनीच माझं पेन घेतलं आणि वेळेच्या रकान्याखाली बारीक अक्षरात भर घातली: ‘मागचं चाक – उघडल्यावर, दुपारी १ च्या आत फोन करून वेळ सांगू.’ मी चिठ्ठीत फोन नंबरसाठी एक रकाना वाढवला.