चौथ्या अटीपर्यंत

माझी भाची बँकेच्या परीक्षेची तयारी करते आहे. तिला बैठक व्यवस्थेची कोडी आवडतात आणि ती ती भराभर सोडवतेही. तरी सराव परीक्षेत एका कोड्यावरचे चार-पाच प्रश्न एकदम चुकतात. चुकीच्या प्रत्येक उत्तरामागे पाव गुण कापला जातो, तो वेगळाच. परवा तिने मला असंच एक कोडं दाखवलं. लहानसं होतं, पण उत्तर कसं तपासावं हे समजून घ्यायला त्याहून चांगलं उदाहरण मला सुचत नाही.

सहाजण गोल टेबलाभोवती, केंद्राकडे तोंड करून, सारख्या अंतरावर बसले आहेत : अनिता, भास्कर, चारू, दत्ता, ईशा आणि फरीदा. अटी चार. पहिली, अनिता भास्करच्या समोर आहे. दुसरी, चारू भास्करच्या शेजारी आहे. तिसरी, चारूच्या डाव्या हाताला दुसऱ्या खुर्चीवर दत्ता आहे. चौथी, ईशा दत्ताच्या शेजारी नाही.

भाचीने वर्तुळ काढलं, अनिताला कागदाच्या खालच्या टोकाला बसवलं आणि भास्करला वरच्या. मग घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने तिचा क्रम असा आला : अनिता, फरीदा, दत्ता, भास्कर, चारू, ईशा. “मी तपासलंय, मामा,” ती म्हणाली. तिने काय केलं होतं? आकृतीकडे एकवार नजर टाकली होती आणि शेजारी केलेल्या टिपणाशी ती ताडून पाहिली होती. टिपणात लिहिलं होतं : ‘चा – डावीकडे २ – द’. तेवढ्यावर आकृती बरोबरच दिसत होती.

मी टिपण वहीने झाकलं आणि कोड्यातलं मूळ वाक्य पुन्हा वाचायला सांगितलं. एक वाक्य वाचायचं, त्यातल्या पहिल्या नावावर बोट ठेवायचं, तिथून वाक्य सांगेल तसं बोट सरकवायचं आणि पोहोचलो तिथे दुसरं नाव आहे का ते बघायचं. असेल तर त्या वाक्यापुढे पेन्सिलीने खूण करायची आणि मगच पुढचं वाक्य वाचायचं.

पहिली अट : अनितापासून तीन खुर्च्या पुढे भास्कर. खूण. दुसरी : चारूच्या एका बाजूला भास्कर आहेच. खूण. तिसऱ्या अटीला मी तिला कागद फिरवायला लावला, इतका की चारूची खुर्ची तिच्या छातीशी आली. आता चारूचा डावा हात तोच भाचीचा डावा हात. त्या हाताला पहिली खुर्ची ईशाची आणि दुसरी अनिताची. दत्ता तिथे नव्हताच.

चूक कुठून आली ते इथे उघड होतं. कागदाच्या खालच्या बाजूला बसवलेला माणूस आपल्याच दिशेने बघत असतो, म्हणून त्याचं डावं ते आपलं डावं. वरच्या बाजूचा माणूस आपल्याकडे तोंड करून बसलेला असतो. त्याचं डावं आपल्या उजवीकडे येतं. चारू वरच्या बाजूला होती आणि भाचीने कागदाची डावी बाजू धरली. टिपणात नुसतं ‘डावीकडे’ लिहिलेलं असल्यामुळे तपासतानाही तिने तीच बाजू धरली असती. टिपण म्हणजे आपला अर्थ. त्याच्याशी उत्तर ताडून पाहिलं तर एकच गैरसमज दोनदा होतो.

तिने लगेच खोडरबर घेतलं आणि चारू-दत्ताची अदलाबदल केली. तिसरी अट आता बरोबर बसली आणि ती पुढच्या कोड्याकडे वळणार होती. मी म्हटलं, पुन्हा पहिलीपासून. पहिली ठीक, दुसरी ठीक, तिसरी ठीक. चौथीला अडकलं, कारण दत्ता जिथे आला त्याच्या शेजारीच ईशा बसलेली होती. हे नेहमी होतं. आकृतीतली नावं एकमेकांना बांधलेली असतात, त्यामुळे एक हलवलं की आधी बरोबर असलेलं काहीतरी मोडू शकतं. दुरुस्ती केल्यावर आधीच्या सगळ्या खुणा पुसाव्यात आणि सुरुवात पहिल्या अटीपासून करावी.

‘नाही’ असलेली अट निसटण्याचं आणखी एक कारण आहे. ‘समोर’ किंवा ‘शेजारी’ म्हटलं की आकृतीत काहीतरी लिहिलं जातं. ‘शेजारी नाही’ म्हटल्यावर लिहायला काहीच नसतं. ती अट वाक्यातच राहते आणि वाक्य पुन्हा वाचलं तरच सापडते.

ईशा आणि फरीदा यांच्या जागा बदलल्यावर क्रम झाला : अनिता, ईशा, चारू, भास्कर, दत्ता, फरीदा. चारही अटींपुढे खुणा झाल्या. पहिल्या आकृतीने तीन अटी पाळल्या होत्या, दुसऱ्या आकृतीनेही तीनच. पहिलीला फक्त तिसऱ्या अटीने पकडलं आणि दुसरीला फक्त चौथीने. हा योगायोग नाही. ज्या कोड्यात एकही अट फालतू नसते, तिथे प्रत्येक अटीसाठी अशी निदान एक चुकीची मांडणी असतेच की जी बाकी सगळ्या अटी पाळते आणि तिथेच अडते. तशी मांडणी नसती तर ती अट काढून टाकली तरी उत्तर बदललं नसतं. चार वाक्यं तपासून पाचवं सोडलं, तर नेमकी तीच चूक निसटू शकते जी धरायला पाचवं लिहिलं होतं.

उत्तरतालिकेशी एक उत्तर जुळलं म्हणून मांडणी बरोबर, असंही समजू नये. ‘ईशाच्या समोर कोण?’ असा प्रश्न असता तर भाचीच्या पहिल्या, चुकीच्या आकृतीतूनही ‘दत्ता’ हेच बरोबर उत्तर आलं असतं. ती आकृती खऱ्या उत्तराची आरशातली प्रतिमा होती आणि आरशात ‘समोर’ बदलत नाही. ‘ईशाच्या लगेच डाव्या हाताला कोण?’ विचारलं असतं, तर चारूऐवजी अनिता आली असती.

आता या पद्धतीची मर्यादा. चारही खुणा झाल्या म्हणजे उत्तर चालतं एवढंच कळतं. दुसरं कुठलं चालत नाही हे कळत नाही. चौथी अट कोड्यात नसतीच, तर ईशा आणि फरीदा यांच्या जागा कशाही ठेवल्या तरी सगळ्या खुणा झाल्या असत्या. उत्तर एकच आहे का हे बघायला सोडवताना जिथे दोन वाटा फुटल्या तिथे परत जावं लागतं. इथे वाट एकदाच फुटली : चारू भास्करच्या या बाजूला की त्या? त्या बाजूला बसवली तर तिच्या डाव्या हाताची दुसरी खुर्ची अनिताची निघते, म्हणजे ती वाट बंद. पुढचं सगळं एकामागोमाग ठरत जातं.

तेवढ्यात भाचीने विचारलं, “फरीदाचं काय? तिचं नाव तर एकाही अटीत नाही.” बरोबर होतं तिचं. १७ डिसेंबर १९६२च्या ‘लाइफ इंटरनॅशनल’मध्ये छापलेलं पाच घरांचं प्रसिद्ध कोडं असंच आहे. झेब्रा कुणाचा आणि पाणी कोण पितं हे त्यात विचारलंय, पण अटींमध्ये झेब्राही नाही आणि पाणीही नाही. सगळ्या अटी तपासल्या तरी त्यांच्यावर थेट खूण पडत नाही. त्यांना जागा मिळते ती प्रत्येक घरात वेगळा प्राणी आणि वेगळं पेय आहे या प्रश्नांनंतर, शेवटी जोडलेल्या वाक्यामुळे. आमच्या कोड्यात ‘सहाजण’ आणि ‘केंद्राकडे तोंड करून’ हे शब्द अटींच्या आधी, क्रमांक न देता आले होते. भाचीने त्या ओळीवर बोट ठेवलं, सहा नावं एकेकदा मोजली, सगळ्यांची तोंडं आत आहेत ना ते पाहिलं आणि तिच्यापुढेही पेन्सिलीने खूण केली.