अडवलेली अटॅचमेंट: फाईल नेमकी कोणी थांबवली?

आजचा विषय रोजच्या कामातला आहे. समोरच्याने सांगितलं, "मेल टाकलाय, फाईल जोडली आहे." तुम्ही मेल उघडता, तर मजकूर दिसतो आणि फाईल उघडत नाही. कधी मेलच येत नाही. मग फोनाफोनी सुरू होते. अशा वेळी पहिला प्रश्न "फाईल कशी घुसवू?" हा नसावा. "ती कोणी अडवली?" हा असावा, कारण अडवणारा वेगळा असला की उपायही बदलतो.

एक उदाहरण घेऊ. नागपूरच्या एक करसल्लागार ताई आहेत. त्यांचे दोन अशील आहेत, एक इंदूरचे दुकानदार आणि दुसरे हैदराबादचं एक छोटं ऑफिस. दोघांनाही जीएसटी रिटर्नचं ऑफलाइन टूल हवं आहे. ताईंकडे त्याची सेटअप फाईल आधीच आहे, नावाच्या शेवटी `.exe` असलेली. ती त्या दोघांना मेलने पाठवतात.

हैदराबादला संगणकावर नेहमीचं जुन्या पद्धतीचं आउटलुक आहे. तिथे मेल पोहोचतो, पण वरच्या पट्टीत ओळ दिसते: `Outlook blocked access to the following potentially unsafe attachments`. पुढे फाईलचं नाव असतं. म्हणजे फाईल मेलबॉक्सपर्यंत आली आहे, फक्त आउटलुक ती हाती देत नाही. आउटलुकजवळ धोकादायक शेपट्यांची एक यादी आहे. `.exe`, `.bat`, `.js`, `.jar` अशी ती नावं. ते फक्त शेपूट बघतं, आत काय आहे ते बघत नाही. म्हणून तीच सेटअप फाईल `.zip` मध्ये घालून पाठवली, तर आउटलुक सहसा अडवत नाही.

इंदूरला जीमेल आहे. तिथे मेल पोहोचतच नाही. ताईंकडेच तो परत येतो आणि परतीच्या मजकुरात `552-5.7.0` असा आकडा असतो. याचा अर्थ, गूगलच्या सर्व्हरने दारातूनच मेल परत पाठवला. इथे झिप करून उपयोग नाही, कारण जीमेल झिप उघडून आतल्या फाईलींची नावं तपासतं.

मग ताई झिपला पासवर्ड लावतात. मेल पुन्हा परत! साध्या झिपमध्ये पासवर्डने आतला मजकूर कुलूपबंद होतो, पण फाईलींची नावं बाहेरून वाचता येतात. जीमेलला आत `.exe` आहे हे दिसतं आणि ते नकार देतं.

तिसरी शक्यता ऑफिसच्या मेलची. तिथे कंपनीचा सर्व्हर असा मेल वेगळा काढून ठेवतो. त्या जागेला `Quarantine` म्हणतात. तुमच्या आउटलुकमध्ये काहीच दिसत नाही आणि पाठवणाऱ्याला वाटतं, पोहोचला. इथे स्वतः खटपट करण्यात अर्थ नाही. मेल कोणी, कधी पाठवला हे आयटी विभागाला कळवा. तपासून तो सोडणं त्यांचं काम आहे.

आता पुष्कळ जण सांगतात ती युक्ती: `setup.exe` चं नाव बदलून `setup.txt` करा. आउटलुक शेपूट बघतं, त्यामुळे फाईल जाते. पण विंडोज बहुधा शेपट्या लपवून दाखवतं. नाव बदलायला गेलं की `setup.txt.exe` असं काहीतरी होऊन बसतं, किंवा घेणाऱ्याला ते परत सरळ करता येत नाही. शिवाय नाव बदललेली फाईल, पासवर्डची झिप आणि त्याच मेलमध्ये पासवर्ड ही भामट्यांची नेहमीची पद्धत आहे. आपल्या अशिलाला या रीतीची सवय लावली, तर उद्या खोट्या मेललाही तो तसाच प्रतिसाद देईल.

मग रास्त मार्ग कोणते? पहिला आणि सर्वात चांगला: फाईल मेलने मागूच नका, ती जिथे तयार झाली तिथून घ्या. जीएसटीचं टूल `gst.gov.in` वर `Downloads` मध्ये `Offline Tools` खाली कोणालाही मोफत मिळतं, लॉगिनही लागत नाही. ताईंनी फक्त एवढा रस्ता लिहून पाठवावा. अशिलाने पत्ता स्वतः टाइप करावा, मेलमधल्या लिंकवर अवलंबून राहू नये. यात आणखी एक फायदा आहे. ताईंकडची प्रत जुनी असेल, तर अशिलाला नवी मिळते.

पण समजा फाईल कोणत्याच साइटवर नाही. एखाद्या प्रोग्रामरने तुमच्यासाठीच लिहिलेलं बिलिंगचं सॉफ्टवेअर आहे. तेव्हा गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हवर फाईल ठेवून लिंक पाठवायला सांगा. लिंक सगळ्यांना खुली नको. ड्राइव्हमध्ये `Restricted` ठेवून तुमचा मेल पत्ता जोडायला सांगा.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. लिंकने फाईल आली, म्हणजे मेलचा पहारेकरी बाजूला झाला. त्याचं काम आता तुम्हाला करायचं आहे. पाठवणाऱ्याने फाईलचा ठसा काढून तो फोनवर किंवा मेसेजने, म्हणजे मेलपेक्षा वेगळ्या वाटेने, पाठवावा. तुम्ही फाईल उतरवल्यावर त्याच फोल्डरमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून हे चालवा:

```
certutil -hashfile setup.exe SHA256
```

64 अक्षरांची ओळ येते. ती पाठवणाऱ्याच्या ओळीशी तंतोतंत जुळली पाहिजे. फाईलमध्ये किंचित जरी बदल झाला, तरी ओळ पूर्णपणे वेगळी येते. जुळली, तर वाटेत फाईल बदललेली नाही एवढं सिद्ध होतं. पाठवणाऱ्याच्याच संगणकावर विषाणू असेल, तर तो यातून कळणार नाही. त्यासाठी अँटिव्हायरसने वेगळी तपासणी करा.

सगळं ठीक असूनही विंडोज कुरकुर करतं, कारण इंटरनेटवरून आलेल्या फाईलवर ते खूण ठेवतं. फाईलवर उजवी क्लिक, `Properties`, आणि खाली `Unblock` ची चौकट. झिप असेल, तर ती सोडवण्याआधी झिपवरच ही चौकट निवडा, म्हणजे आतल्या प्रत्येक फाईलसाठी पुन्हा करावं लागत नाही. पण ही पायरी शेवटची. ठसा जुळल्याशिवाय तिला हात लावू नका.

आउटलुकच्या यादीतून एखादी शेपूट काढता येते. विंडोजच्या रजिस्ट्रीत `Level1Remove` नावाची नोंद करून ते होतं. पण मग ती सवलत एका मेलपुरती राहत नाही, त्या शेपटीच्या प्रत्येक फाईलला मिळते, पाठवणारा कोणीही असो. एका फाईलसाठी कायमचं दार उघडं ठेवण्यापेक्षा ताईंनी दोन्ही अशिलांना साइटचा रस्ता कळवणं सोपं, आणि तेच त्यांनी करावं.