आजोबांच्या ट्रंकेतल्या तारा

आजोबांच्या मृत्यूनंतर नातू त्यांची ट्रंक उघडतो आणि तळाशी टाचणी लावून ठेवलेल्या सांत्वनाच्या तारा त्याच्या हाती लागतात. अशा कथेत पहिली अडचण मजकुराचीच असते. तारेला शब्दागणिक पैसे पडत, त्यामुळे सगळेजण तेच चार-सहा शब्द इंग्रजीत पाठवत: वडिलांच्या निधनाने अतीव दुःख झाले. दहा तारा वाचूनही नातवाच्या पदरात एका तारेइतकंच पडतं. कथा असते ती मजकुराच्या वरच्या ओळीत. तार कुठल्या ऑफिसातून, किती तारखेला, किती वाजता सुटली आणि तिच्यात किती शब्द होते, हे तिथे लिहिलेलं असतं. खाली पोचलेल्या ऑफिसचा शिक्का असतो.

समजा, पणजोबा सोमवारी पहाटे सातारा जिल्ह्यातल्या एका गावी वारले. इंदूरहून आलेली तार त्याच दिवशी दुपारी सुटलेली आहे. आजोबांच्या थोरल्या भावाची मुंबईहून आलेली तार शुक्रवारची. इंदूरच्या माणसाला त्याच दिवशी कळलं, म्हणजे त्याला आजोबांनी तार केली असणार. भावाला बहुधा पोस्टकार्डाने कळवलं. तारेचा खर्च कोणासाठी करायचा, हे त्या सकाळी आजोबांनी ठरवलं होतं, आणि इंदूरच्या माणसाचं आडनाव तर घरात कुणी कधी उच्चारलेलं नाही. नातवाला खरी कथा सापडते ती इथे.

आजोबांनी पाठवलेली तार किंवा कार्ड मात्र ट्रंकेत मिळणार नाही. ती ज्याची त्याच्याकडे गेली. शिवाय मृत्यूची बातमी देणारं कार्ड वाचून लगेच फाडून टाकायची रीत होती. अशुभाचा कागद घरात ठेवत नसत. सांत्वनाच्या तारेला ती बाधा नव्हती, म्हणून उरतात ती फक्त उत्तरं, आणि त्यांवरून प्रश्न ओळखावा लागतो.

त्यात फसगतही होते. टेलिप्रिंटरवर आलेला मजकूर कागदी पट्ट्यांवर छापला जाई आणि त्या पट्ट्या फॉर्मवर डिंकाने चिकटवत. वर्षानुवर्षांनी डिंक वाळतो, पट्टी गळून पडते आणि राहिलेलं वाक्य तुटक, कोरडं वाटू लागतं. वर नोंदवलेल्या शब्दसंख्येशी ताडून पाहिलं, की मूळचाच मजकूर आखूड होता की पट्टी निघाली, ते कळतं. हाताने लिहिलेल्या तारेत नावांची मोडतोड ठरलेली. मोर्सच्या कडकट्टावरून ऐकलेलं अनोळखी आडनाव तारमास्तर जमेल तसं लिहून घेई. तेव्हा इंदूरचं ते आडनावही जसंच्या तसं धरून चालत नाही.

भावाच्या तारेबाबत आणखी सावध राहायला हवं. ती सुटलीच शुक्रवारी, म्हणजे उशीर तारखात्याचा नव्हे. पण भाऊ दौऱ्यावर होता, की कार्ड उशिरा मिळालं, की दोघांत अबोला होता, हे तारेवरून ठरत नाही. त्यासाठी कथेत एखादी म्हातारी आत्या हयात असावी लागते, आणि नातवाने तिला आधी इंदूरबद्दल विचारावं, भावाबद्दल नंतर.