विष अडवणारं आम्ल

मोठ्या आतड्यात बिफिडोबॅक्टेरियमसारखे उपकारक जिवाणू न पचलेले तंतू आणि साखरा आंबवून ॲसिटेट बनवतात. व्हिनेगरला आंबटपणा देणारं हेच आम्ल. लघुशृंखला मेदाम्लांपैकी एक. रोगजंतूंचं अन्न आणि जागा बळकावणं, आम्लता वाढवून त्यांची वाढ रोखणं, ही या जिवाणूंची नेहमीची लढाई.

२०११ मध्ये ‘नेचर’मध्ये जपानी संशोधकांनी आणखी एक मार्ग दाखवला. जंतुविरहित उंदरांना त्यांनी आधी बिफिडोबॅक्टेरियम दिले, मग घातक ई. कोलाय ओ१५७. ‘लाँगम’ मिळालेले उंदीर वाचले, ‘अडोलेसेंटिस’ मिळालेले दगावले. आतड्यातले रोगजंतू आणि त्यांचं विष मात्र दोन्हीकडे जवळपास सारखंच होतं.

फरक पडला तो फ्रुक्टोजमुळे. आतड्याच्या शेवटच्या भागात ग्लुकोज फारसं उरत नाही, फ्रुक्टोज मिळतं. ते पेशीत ओढून घेणारी प्रथिनं लाँगमकडे होती, म्हणून तिथेही ॲसिटेट बनत राहिलं. त्याने अस्तराच्या पेशी तगल्या आणि विष रक्तात झिरपलं नाही.

माणसाच्या आतड्यात शेकडो जातींची गर्दी असते, त्यामुळे हा निष्कर्ष आपल्याला जसाच्या तसा लागू होत नाही. पण प्रोबायोटिकच्या वेष्टनावर नुसती जात नव्हे, नेमका वाण का पाहावा, हे त्यातून कळतं.