चौतिसावर उभे केलेले खांब

२०१२ साली अमेरिकेत फॉक्सच्या वाहिनीवर एक स्तंभालेख दाखवला गेला. त्यात खांब दोनच होते. डावीकडच्या बुटक्या खांबावर लिहिलं होतं ‘आता’, आणि आकडा होता ३५ टक्के. उजवीकडचा उंचच उंच खांब १ जानेवारी २०१३ या तारखेचा होता, त्याचा आकडा ३९.६ टक्के. बुश यांच्या काळातल्या करसवलती संपल्या तर प्राप्तिकराचा सर्वांत वरचा दर किती होईल, हे प्रेक्षकांना सांगायचं होतं. आकडे अगदी बरोबर होते. पण पडद्यावर उजवा खांब डाव्याच्या साडेपाच पटींहून उंच दिसत होता आणि ३९.६ काही ३५ च्या साडेपाच पट नाही.

मग खोटं कुठे होतं? खांबांच्या बुडाशी. उभा अक्ष शून्याऐवजी ३४ पासून सुरू केला होता. म्हणजे डाव्या खांबाचे ३४ भाग कापून टाकले आणि पडद्यावर उरला एक भाग. उजव्याचेही तेवढेच ३४ कापले, पण त्याचे उरले ५.६. कापलं दोघांचंही सारखंच, त्यामुळे वरवर पाहता कुणावर अन्याय झाल्यासारखा वाटत नाही. फरकही जसाच्या तसा राहिला, ४.६ चा. बदललं ते एवढंच की हा फरक आता पूर्ण आकड्याशेजारी न दिसता कापून उरलेल्या तुकड्याशेजारी दिसू लागला. दोन माणसं छातीभर भिंतीआड उभी असली आणि एकाचं फक्त कपाळ, तर दुसऱ्याचं मानेपर्यंतचं डोकं दिसत असलं, तर त्यावरून आपण एक दुसऱ्याच्या तिप्पट उंच आहे असं म्हणत नाही, कारण भिंत आपल्याला दिसत असते. आलेखात भिंत दिसत नाही. खांब तिथूनच उगवल्यासारखे वाटतात.

स्तंभालेखात हे विशेष घातक ठरतं, कारण तिथे आकडा दाखवण्याचं काम खांबाची लांबी करते. डोळा खांबाची टोकं अक्षावर कुठे टेकली आहेत हे आधी वाचत नाही. तो एका खांबाची लांबी दुसऱ्याशी ताडून पाहतो आणि ‘दुप्पट’, ‘पाचपट’ असा निकाल देऊन मोकळा होतो. ही तुलना खरी ठरायची तर लांबी शून्यापासून मोजलेली असली पाहिजे.

अक्ष कुठून सुरू करायचा हे एखाद्या बटणासारखं फिरवता येतं, आणि त्यातच खरी गंमत आहे. याच दोन आकड्यांवर करून पाहा. अक्ष शून्यापासून घेतला तर उजवा खांब डाव्यापेक्षा जेमतेम एक अष्टमांश उंच दिसतो. २० पासून घेतला तर खांब उरतात १५ आणि १९.६ चे, म्हणजे उजवा जवळजवळ एक तृतीयांशाने मोठा. ३० पासून घेतला तर ५ आणि ९.६, म्हणजे जवळपास दुप्पट. ३४ ला साडेपाच पटींच्या वर. आणि कुणी कमालीचा धीट निघून ३४.९ वर तळ धरला, तर उजवा खांब डाव्याच्या ४७ पट होईल. पाचही चित्रांतले आकडे तेच, दशांशापर्यंत खरे.

अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड टफ्टी यांनी १९८३ च्या आपल्या पुस्तकात या लबाडीला एक माप दिलं. चित्रात दिसणारी वाढ भागिले आकड्यांतली वाढ. प्रामाणिक चित्रात हा भागाकार एकच्या अगदी जवळ यायला हवा, ०.९५ ते १.०५ च्या दरम्यान. आपल्या आलेखात ३५ चे ३९.६ झाले, म्हणजे मूळ आकड्याच्या सुमारे १३ टक्के वाढ. चित्रात मात्र १ चे ५.६ झाले, म्हणजे ४६० टक्के वाढ. भागाकार येतो ३५.

इथे एक आक्षेप हमखास घेतला जातो, आणि तो अगदीच पोकळ नाही. खांबांवर आकडे ठळक छापले होते, अक्षाच्या तळाशी ३४ लिहिलं होतं. लोकांनी वाचू नये हा कुणाचा दोष? ब्रेंडा यांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या पाच अभ्यासांत नेमकं हेच तपासलं होतं. लोकांना आखूड केलेल्या अक्षाचे आणि शून्यापासूनच्या अक्षाचे असे दोन्ही प्रकारचे स्तंभालेख दाखवून फरक किती मोठा वाटतो ते विचारलं. आखूड अक्षावर तोच फरक मोठा वाटला. काहींना आधीच समजावून सांगितलं की अक्ष असा कापला जातो आणि त्याने फसगत होते. त्यांच्यावरचा परिणाम कमी झाला, पण नाहीसा झाला नाही. तेव्हा आकडा कोपऱ्यात छापून जबाबदारी झटकणं मला तरी पटत नाही. वाचणारा आकडा नंतर वाचतो, तोवर डोळ्याने निकाल लावलेला असतो.

तळाचा आकडा मुळात छापलेलाच नसला तर? असा आलेखही फॉक्सनेच दाखवला होता. मार्च २०१४ च्या अखेरीस, ओबामा यांच्या आरोग्यविमा योजनेत नाव नोंदवण्याची मुदत संपत आली असताना. एक खांब २७ मार्चपर्यंत झालेल्या ६० लाख नोंदणीचा, दुसरा ७० लाख ६६ हजारांच्या उद्दिष्टाचा. उभ्या अक्षावर आकडेच नव्हते. पहिला खांब दुसऱ्याच्या साधारण एक तृतीयांश उंचीचा होता. पाहणाऱ्याला वाटावं, योजना उद्दिष्टाच्या तिसऱ्या हिश्शावर रखडली आहे. प्रत्यक्षात उद्दिष्टाचा ८५ टक्के पल्ला गाठून झाला होता.

पण लपवलेला तळ शोधून काढता येतो आणि त्याला शाळेतलं गणित पुरतं. पट्टी घेऊन दोन्ही खांबांची उंची मोजा आणि मोठा लहानाच्या किती पट आहे ते पाहा. त्या पटीने लहान आकड्याला गुणा, आलेल्या गुणाकारातून मोठा आकडा वजा करा, आणि उरलेल्याला पटीतून एक वजा करून भागा. इथे पट साधारण ३. साठ लाख त्रिक एक कोटी ऐंशी लाख. त्यातून ७० लाख ६६ हजार वजा केले की उरतात १ कोटी ९ लाख ३४ हजार. त्याला २ ने भागलं की सुमारे ५४ लाख ६७ हजार. म्हणजे त्या आलेखाची जमीन ५५ लाखांच्या जरा खाली होती. हाच हिशेब करसवलतीच्या आलेखावर केला तर उत्तर बरोबर ३४ येतं. अक्ष प्रामाणिक असेल तर उत्तर शून्य, किंवा मोजणीतल्या चुकीइतकंच इकडेतिकडे. टीका झाल्यावर वाहिनीने तो आलेख दुरुस्त करून पुन्हा दाखवला, आणि १ एप्रिलला ओबामांनी नोंदणी ७१ लाखांवर गेल्याचं जाहीर केलं.

अशा प्रत्येक आलेखामागे कुणाचा तरी डाव असतो असं मात्र समजू नये. एक्सेलमध्ये साधा स्तंभालेख काढला तर अक्षाचा तळ एक्सेल स्वतःच ठरवतं. सगळ्यांत मोठ्या आणि सगळ्यांत लहान आकड्यातला फरक मोठ्या आकड्याच्या एक षष्ठांशापेक्षा कमी असेल, तर ते शून्य सोडून देतं. मग लहान आकड्यातून फरकाचा निम्मा भाग वजा करून तिथे किंवा त्याच्या जरासं खाली तळ धरतं. ३५ आणि ३९.६ दिले तर फरक ४.६, एक षष्ठांश ६.६, म्हणजे कापाकापी होणारच. तळ ३२ च्या आसपास जाईल आणि उजवा खांब अडीच पट दिसेल. म्हणजे फरक जितका किरकोळ, तितकी तो फुगण्याची शक्यता जास्त. कार्यालयातल्या कितीतरी सादरीकरणांतले चढते खांब असेच, कुणीही ठरवून न काढलेले असणार. उपाय सोपा आहे. अक्षावर उजवं बटण दाबून `Format Axis` उघडायचं आणि `Minimum` च्या चौकटीत 0 लिहायचं.

आता शून्याचा नियम सगळीकडे सरसकट लावू म्हटलं, तर दुसऱ्या बाजूला घसरायला होतं. डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकेतल्या ‘नॅशनल रिव्ह्यू’ या नियतकालिकाने १८८० पासूनच्या पृथ्वीच्या सरासरी तापमानाचा रेषालेख लोकांपुढे ठेवला. उभा अक्ष उणे १० ते ११० अंश फॅरनहाइट. एवढ्या उंचीत दीड-दोन अंशांची वाढ दिसणार कशी? रेष टेबलावर ठेवलेल्या दोऱ्यासारखी सपाट दिसली, आणि तापमानवाढ म्हणजे काहीच नाही असा तिचा सूर होता. रेषालेखात लांबी बोलत नाही, चढ-उतार बोलतो, म्हणून तिथे शून्यापासून सुरुवात करण्याचं बंधन नाही. शिवाय फॅरनहाइटचं शून्य म्हणजे ‘तापमान अजिबात नाही’ असं नव्हे. कराच्या दराचं शून्य मात्र खरंखुरं शून्य आहे. तापाच्या रुग्णाचा तक्ता कुणी शून्यापासून काढत नाही, तेच बरं.

आणि लहान फरक खरोखरच महत्त्वाचा असला, तर? मग खांब त्या फरकाचाच काढावा, शून्यापासून. करसवलतीचं शेवटी असं झालं की जानेवारी २०१३ च्या कायद्याने ३९.६ चा दर एकट्या व्यक्तीसाठी ४ लाख डॉलरच्या वरच्या करपात्र उत्पन्नालाच लागू केला. फक्त या दराचा विचार केला तर ५ लाखवाल्याला वरच्या एका लाखावर ४,६०० डॉलर जास्त पडले. १० लाखवाल्याला २७,६०० डॉलर. हे दोन खांब शेजारी शेजारी काढले तर दुसरा पहिल्याच्या सहापट उंच होतो, आणि तो असतोही सहापट. ३ लाख डॉलर कमावणाऱ्याचा खांब मात्र अशा आलेखात काढताच येत नाही, कारण त्याच्यावर या दरामुळे एक डॉलरचाही बोजा वाढला नव्हता.