मासळी-अंड्यांशिवायचे ताट : जवस दळा, कणीक आंबवा, मीठ झाका

नालासोपाऱ्यापासून समुद्र फार लांब नाही. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर होड्या लागतात आणि संध्याकाळी स्टेशनबाहेर मासळीच्या टोपल्या दिसतात. तरीही आमच्या वाचक भगिनींपैकी अनेकींच्या घरी महिनोन्‌महिने मासळी येत नाही. कुठे भाव परवडत नाही, कुठे एका खोलीच्या घरात वास सहन होत नाही, तर उत्तरेकडून आलेल्या काही कुटुंबांना समुद्राच्या मासळीची सवयच नसते. अंडी मुले खातात, मोठ्यांना ती आवडत नाहीत. गोश्त आठवड्यातून एखाद्या दिवशी. बाकी दिवस डाळ, भात, चपाती, बटाटा आणि चहा.

अशा ताटात तीन गोष्टी कमी पडण्याची शक्यता असते: ओमेगा-तीन नावाची चरबी, जस्त आणि आयोडीन. तिन्ही शाकाहारातून मिळू शकतात, आणि बहुतेक जिन्नस आपल्या वाण्याकडेच असतात. अडचण असते ती हे पदार्थ वापरायच्या पद्धतीत. जवस अख्खे गिळले, कणीक न आंबवता लाटली आणि मिठाचा डबा उघडा राहिला, तर पैसे खर्च होऊनही शरीराला थोडेच मिळते.

आयोडीन : समुद्राचे मीठ म्हणजे आयोडीनचे मीठ नव्हे

आयोडीनपासून आधी सुरुवात करू, कारण याबाबतीत गैरसमज सर्वांत मोठा आहे. वसई, भाईंदर, विरार या पट्ट्यात जुन्या काळापासून मिठागरे आहेत. त्यामुळे "आपले खडे मीठ तर थेट समुद्राचे, त्यात आयोडीन असणारच" असे अनेक घरांत म्हटले जाते. प्रत्यक्षात समुद्राच्या पाण्यातच आयोडीन फार थोडे असते आणि त्यापासून केलेल्या साध्या मिठात ते जवळजवळ नसतेच. सैंधव आणि काळ्या मिठाचेही तेच. मिठात आयोडीन हवे तर ते कारखान्यात वरून मिसळावे लागते. म्हणूनच खाण्यासाठी आयोडीन नसलेले मीठ विकण्यावर आपल्या देशात २००६ पासून बंदी आहे. घरात पोहोचलेल्या मिठात दर ग्रॅमला निदान १५ मायक्रोग्रॅम आयोडीन असावे असा नियम आहे.

मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते, गरोदर बाईला सुमारे २५०. आता एक हिशेब करून पाहू. पाच माणसांचे घर आहे असे धरा. प्रत्येकाने दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे लहान चमचाभर मीठ खाल्ले तर घराला महिन्याला पाऊण किलो मीठ लागते. ते सगळे आयोडीनयुक्त असेल तर माणशी ७५ ते १५० मायक्रोग्रॅम मिळते, आणि दूध-दह्यातून थोडी भर पडते. पण त्याच घरात डाळ-सालनात सुटे खडे मीठ जात असेल आणि पाकिटाचे मीठ फक्त कोशिंबिरीवर व भातावर पडत असेल, तर किलोचे पाकीट तीन महिने पुरते. म्हणजे माणशी दिवसाला दोन ग्रॅमच्या जरासे वर, आणि आयोडीन अवघे ३५ ते ६५ मायक्रोग्रॅम. मीठ भरपूर खाऊनही आयोडीन निम्म्याहून कमी राहू शकते ते असे. तुमच्या घरचे पाकीट किती दिवस पुरते, ते एकदा लिहून पाहा.

यावर उपाय म्हणून मीठ वाढवायचे नाही. आहे तेच मीठ बदलायचे. खडे मीठच हवे असेल तर आयोडीनयुक्त खडे मीठही पाकिटात मिळते. पाकिटावर तसा स्पष्ट उल्लेख आणि पॅकिंगची तारीख पाहून घ्या. खडे मीठ धुऊन वापरण्याची सवय सोडा, धुताना आयोडीन पाण्याबरोबर जाते. डबा शेगडीशेजारी उघडा ठेवू नका. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात मिठाला पाणी सुटते आणि त्या पाण्याबरोबर आयोडीनही खाली उतरते. घट्ट झाकण, कोरडा चमचा आणि एका वेळी एकच किलोची खरेदी एवढे पुरते. मीठ शिजवण्याच्या शेवटी घातले तर नुकसान आणखी कमी होते. रक्तदाबामुळे ज्यांना मीठ कमी सांगितले आहे, त्यांनी जे थोडे घ्यायचे ते आयोडीनचेच घ्यावे. थायरॉईडची गोळी चालू असलेल्यांनी मात्र समुद्री शेवाळाची पावडर किंवा आयोडीनचे थेंब डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. आयोडीन जास्त झाले तरी त्या ग्रंथीचे काम बिघडते.

जस्त : ताटात असते, अंगी लागत नाही

जस्ताची गोष्ट वेगळी आहे. १९५८ साली इराणच्या शिराझ शहरात डॉ. आनंद प्रसाद यांच्यापुढे एक रुग्ण आला. हे डॉक्टर मूळचे बिहारमधल्या बक्सरचे. रुग्णाचे वय २१ होते, पण दिसायला तो जेमतेम दहा वर्षांचा. त्याच्या जेवणात मुख्यतः न आंबवलेली गव्हाची रोटी असे, गोश्त जवळपास नाही, आणि त्याला माती खाण्याचीही सवय होती. पुढे इजिप्तमध्ये अशाच मुलांना जस्त दिल्यावर त्यांची वाढ सुरू झाली. जस्त कमी पडल्याने माणसाची वाढ खुंटते हे जगाला त्या कामातून कळले.

गव्हात जस्त असतेच, मग असे का व्हावे? धान्याच्या सालीत आणि डाळीत फायटेट नावाचे द्रव्य असते. ते आतड्यात जस्ताला धरून ठेवते आणि जस्त तसेच बाहेर जाते. आपल्या ताटाचाही हिशेब असाच होतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये बाईसाठी दिवसाला सुमारे १३ आणि पुरुषासाठी १७ मिलिग्रॅम जस्त सांगितले आहे. दोनशे ग्रॅम कणकेतून ५ ते ६, दोन वाट्या डाळीतून २ आणि मूठभर चण्यांतून १ मिलिग्रॅम मिळते. भात, दूध आणि चमचाभर तिळातून आणखी तीनेक. बाईचा आकडा असा कागदावर जवळपास भरतो, पण फायटेटमुळे त्यातला बराच भाग वाया जातो.

फायटेट तोडण्याची युक्ती आपल्या स्वयंपाकात पूर्वीपासून आहे, ती म्हणजे खमीर. खमिरी रोटी ही केवळ दावतीची चीज नव्हे. चाळून कोंडा न काढलेल्या कणकेत थोडे यीस्ट किंवा कालच्या खमिराचा गोळा आणि दोन चमचे दही घालून मळा. आपल्याकडच्या हवेत ती तीन-चार तासांत फुगून दुप्पट होते. त्या आंबटसर ओलाव्यात धान्यातले स्वतःचे पाचक द्रव्य फायटेट तोडू लागते. खाण्याचा सोडा घालून फुगवलेल्या रोटीत हा फायदा नाही. सोडा आंबटपणा मारतो आणि ते पाचक द्रव्य थंडावते. मैद्याच्या नानमध्ये फायटेट कमी असते खरे, पण कोंड्याबरोबर जस्तही निघून गेलेले असते.

रोज खमीर जमत नसेल तर आठवड्यातून दोन-तीनदा करा आणि बाकी दिवस कडधान्य रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, मोड आणून शिजवा. मोडाला बुळबुळीतपणा किंवा आंबूस वास आला तर ते फेकून द्या. पाणी टँकरचे असेल तर मोड कच्चे खाऊ नका, विशेषतः मुले, वृद्ध आणि गरोदर बायांनी. तीळ, काजू आणि भोपळ्याच्या बिया जस्ताच्या दृष्टीने चांगल्या. भोपळा चिरताना निघालेल्या बिया धुऊन, वाळवून, भाजून डब्यात ठेवल्या तर वेगळा खर्चही नाही. गोश्तातले जस्त सहज अंगी लागते, म्हणून ज्या दिवशी गोश्त असेल त्या दिवशी मुलांच्या ताटात दोन तुकडे नक्की वाढा.

मुलाला जुलाब झाले तर सरकारी दवाखान्यात ओआरएसबरोबर जस्ताच्या गोळ्या देतात. जुलाब थांबले तरी त्या सांगितलेले १४ दिवस पूर्ण द्यायच्या.

ओमेगा-तीन : जवस दळलेलाच हवा

कुणी जवस, कुणी अळशी म्हणतात ते बी ओमेगा-तीनचा सर्वांत स्वस्त शाकाहारी साठा आहे. एक मोठा चमचा, म्हणजे सुमारे ७ ग्रॅम दळलेल्या जवसात या चरबीचा दीड ग्रॅमच्या आसपास साठा असतो. मोठ्या माणसाला दिवसभरासाठी तेवढे साधारण पुरते. अख्खे बी मात्र कठीण सालीमुळे जसे गिळावे तसे बाहेर पडते.

जवस मंद आचेवर तडतडेपर्यंतच भाजा, करपवू नका. लसूण, लाल मिरची आणि आयोडीनचे मीठ घालून चटणी करा. एका वेळी आठवड्यापुरतीच दळा आणि घट्ट बरणीत, शक्यतो फ्रिजमध्ये ठेवा. या चरबीला हवा आणि उजेड लागला की ती बिघडते. कडू चव किंवा रंगाच्या डब्यासारखा वास आला की ती चटणी टाकून द्या. घरोघरी रंगकामात वापरतात ते तेल याच बियांचे, त्यामुळे तो वास ओळखणे अवघड नाही. जवस तळणीत वापरू नका आणि सोबत पाणी भरपूर प्या. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल किंवा गरोदरपण असेल तर रोजचा चमचा सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा.

तेलाची निवडही महत्त्वाची. सूर्यफूल, करडई आणि शेंगदाणा तेलात ओमेगा-तीन जवळजवळ नाही. मोहरीच्या तेलात सुमारे दहावा हिस्सा असतो, सोयाबीन तेलात त्याहून थोडे कमी. ज्या घरी मोहरीचे तेल चालते त्यांना ही सोय आपोआप आहे. बाकीच्यांनी भाजीच्या फोडणीपुरते ते वापरून पाहावे. बाळंतिणीच्या हळिवाच्या लाडवांतूनही ही चरबी मिळते.

एक मर्यादा मात्र समजून घ्यायला हवी. मासळीत असते ते डीएचए जवसात नसते. शरीर जवसाच्या चरबीपासून ते बनवते, पण फारच थोडे. बाळाचा मेंदू आणि डोळे घडताना डीएचएची गरज वाढते. म्हणून मासळी अजिबात न खाणाऱ्या गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईने शेवाळापासून काढलेल्या डीएचएबद्दल डॉक्टरांना विचारावे. मासळीतही ते शेवाळातूनच येते. घेताना एक गोष्ट तपासा: आतले तेल शाकाहारी असले तरी कॅप्सूलचे कवच पुष्कळदा जनावराच्या जिलेटिनचे असते आणि ते कोणत्या जनावराचे हे लिहिलेले नसते. हिरवे चिन्ह असलेले, वनस्पतीच्या कवचाचे किंवा हलाल प्रमाणित औषध मागा.

पाच माणसांच्या घराची महिन्याची यादी अशी होते: एक किलो जवस, पाऊण ते एक किलो आयोडीनयुक्त मीठ, अर्धा किलो तीळ, दोन किलो मिश्र कडधान्ये आणि थोडे यीस्ट. गळ्याला पुढून सूज दिसली, मुलाची उंची वर्षभर वाढली नाही, जखमा भरायला फार वेळ लागू लागला, तर या यादीवर विसंबून न राहता दवाखान्यात जाऊन तपासणी करून घ्या.