डेड वेट टेस्टर: जागेचे गुरुत्व आणि हवेचा हिशेब

डेड वेट टेस्टरमध्ये उभ्या सिलिंडरात अगदी अचूक बसणारा पिस्टन असतो. पिस्टनवर वजने ठेवतात आणि खालून तेलाचा किंवा वायूचा दाब देतात. पिस्टन तरंगू लागला की तो वजनांसह हलकेच फिरवतात, म्हणजे घर्षणाचा अडथळा उरत नाही. त्या क्षणी वजनांचे खाली ओढणारे बल आणि दाबाचे वर ढकलणारे बल समान असतात. बलाला पिस्टनच्या प्रभावी क्षेत्रफळाने भागले की दाब मिळतो. कारखान्यांतील प्रेशर गेज याच उपकरणाशी ताडून पाहतात.

वजनावर कोरलेला आकडा मात्र बलाचा नसतो. बहुधा तो वस्तुमानाचा असतो, आणि वस्तुमान कुठेही नेले तरी तेच राहते. बल जागेनुसार बदलते, कारण पृथ्वीची ओढ सगळीकडे सारखी नाही. प्रमाण गुरुत्वीय त्वरण ९.८०६६५ मीटर प्रति सेकंद वर्ग असे ठरवलेले आहे. विषुववृत्ताकडे जाताना ते कमी होते, उंचीवरही कमी होते. पुण्यासाठी अक्षांश आणि समुद्रसपाटीपासूनची सुमारे ५६० मीटर उंची सूत्रात घातली, तर सुमारे ९.७८४ मिळते. हा फरक ०.२३ टक्के आहे. साध्या गेजच्या कामात तो खपून जाईल, पण चांगल्या डेड वेट टेस्टरची अचूकता याच्या कितीतरी पट बारीक असते.

दुसरी दुरुस्ती हवेची. पाण्यात बुडवलेली वस्तू हलकी भासते, तसेच हवाही वजनांना थोडे वर उचलते. हे प्लावक बल किती, हे हवेची घनता आणि वजनाच्या धातूची घनता यांच्या गुणोत्तरावर ठरते. म्हणून दाबाचे सूत्र असे लिहितात:

p = m × g × (1 − ρa/ρm) / A

यात m म्हणजे वस्तुमान, g स्थानिक गुरुत्वीय त्वरण, ρa हवेची घनता, ρm धातूची घनता आणि A प्रभावी क्षेत्रफळ.

पुण्यातील एक उदाहरण घेऊ. पिस्टनचे क्षेत्रफळ १० चौरस मिलिमीटर आणि पिस्टनसह एकूण वस्तुमान १० किलोग्रॅम आहे असे धरू. प्रमाण गुरुत्व वापरले तर दाब ९८.०६६५ बार येतो. स्थानिक गुरुत्वाने तो ९७.८४ बार होतो, म्हणजे सुमारे ०.२३ बार कमी. वजनांच्या पोलादाची घनता प्रति घनमीटर ८००० किलोग्रॅम धरली आणि खोलीतला वायुदाब ९४८ हेक्टोपास्कल, तापमान २३ अंश सेल्सिअस व आर्द्रता ५० टक्के असेल, तर हवेची घनता सुमारे १.११ किलोग्रॅम येते. तिची दुरुस्ती ०.०१३६ बार होते आणि दाब ९७.८२६ बार उरतो. पुस्तकातली नेहमीची १.२ ही घनता वापरली असती, तर उत्तर ०.००११ बारने चुकले असते. रोजच्या कामाला एवढी चूक क्षुल्लक आहे. सर्वोच्च अचूकतेच्या प्रयोगशाळेत मात्र ती सोडून चालत नाही. म्हणूनच तिथे बॅरोमीटर, तापमापक आणि आर्द्रतामापक टेस्टरशेजारीच ठेवतात.

खरा गोंधळ इथे नसतो, तो दुरुस्ती दोनदा लावण्यात असतो. काही उत्पादक वजनांवर किलोग्रॅमऐवजी थेट दाब कोरतात आणि वजने प्रमाण गुरुत्व व १.२ घनतेच्या हवेसाठी आधीच जुळवून देतात. तिथे फक्त स्थानिक आणि प्रमाण मूल्यांतला फरक लावायचा असतो. पूर्ण प्लावक दुरुस्ती पुन्हा केली, तर दाब दहा लाखात सुमारे १५० भागांनी कमी दिसतो. वजने ग्राहकाच्याच शहराच्या गुरुत्वासाठी घडवलेली असतील आणि तरीही गुरुत्वाची दुरुस्ती केली, तर चूक थेट ०.२३ टक्क्यांची होते. म्हणून पहिले काम प्रमाणपत्र नीट वाचण्याचे.

अशी चूक ओळखण्याची चांगली खूण आहे. दुसऱ्या विश्वासू टेस्टरशी अनेक दाबांवर तुलना करावी. फरक टक्केवारीत सगळीकडे सारखा असेल, तर संशय गुरुत्वावर, हवेच्या दुरुस्तीवर, वस्तुमानावर किंवा क्षेत्रफळावर घ्यावा. फरक बारमध्ये सारखा असेल, तर दोन्ही उपकरणांच्या उंचीतील तेलाच्या स्तंभाचा हिशेब बहुधा चुकलेला असतो.

गुरुत्वाचा आकडा सूत्राने काढणे सोपे, पण जमिनीखालच्या खडकांची घनता जागोजागी वेगळी असल्याने सूत्रात दहा लाखात काही दहा भागांची, कधी त्याहून अधिक चूक राहू शकते. त्याहून बारीक हवे असेल, तर गुरुत्वमापकाने त्याच जागी मोजणी करून घ्यावी लागते. इमारतीचा मजला बदलल्याने मात्र फारसे बिघडत नाही, कारण तीन मीटर उंचीला त्वरण दहा लाखात जेमतेम एका भागाने घटते.

निरपेक्ष दाब मोजण्याच्या खास उपकरणांत वजनांवर काचेचे झाकण ठेवून आतली हवा उपसून टाकतात. तिथे हवेची दुरुस्ती जवळजवळ शून्य होते. आत उरलेला थोडा दाब वेगळा मोजून उत्तरात मिळवावा लागतो, आणि गुरुत्वाची दुरुस्ती मात्र तशीच करावी लागते.